तीन मीटरची भिंत, शंभर वर्षं: वर्गासाठी समाजसुधारणेची कालरेषा कशी करावी

शाळेच्या भिंतीवर समाजसुधारकांचा तक्ता बहुधा आधीपासून असतोच. फेटे, पगड्या, मिशा, खाली नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. त्या तक्त्यावरून मुलांना माणसं ओळखता येतात, पण कोणती गोष्ट आधी घडली, कोणती नंतर, आणि दोन्हींच्या मधे किती काळ गेला हे कळत नाही. कालरेषा करायची ती त्यासाठीच. इथे महाराष्ट्रातली १८३० ते १९३० ही शंभर वर्षं घेऊन सगळी मांडणी मापांसकट दिली आहे. सातवी-आठवीच्या वर्गाला ती चालते आणि साहित्य कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

आधी मोजपट्टी, मग इतिहास

नवखा माणूस पहिल्यांदा घटनांची यादी करतो आणि मग त्या भिंतीवर सारख्या अंतरावर लावत जातो. तिथेच कालरेषा बिघडते. सारख्या अंतरावर लावलेल्या घटना म्हणजे नुसती यादी, उभी न लिहिता आडवी लिहिलेली. १८३२ आणि १८४८ यांच्यात सोळा वर्षं आहेत, १९१९ आणि १९२० यांच्यात एकच. भिंतीवर दोन्ही ठिकाणी तितकंच अंतर दिसलं तर मूल चुकीचं शिकतं, आणि ती चूक पाठ्यपुस्तकाने निघत नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेलं जास्त लक्षात राहतं.

म्हणून प्रमाण आधी ठरवा. एका वर्षाला ३ सेंटीमीटर धरा. मग दहा वर्षांना ३० सेंटीमीटर, म्हणजे मुलांच्या दप्तरातली एक पूर्ण फूटपट्टी, आणि शंभर वर्षांना ३ मीटर. 'एक पट्टी म्हणजे एक दशक' हे एकदा सांगितलं की कुठलंही मूल भिंतीजवळ उभं राहून स्वतः मोजू शकतं.

कार्डशीट साधारण २२ बाय २८ इंचाची मिळते, म्हणजे सुमारे ५६ बाय ७१ सेंटीमीटर. ती आडवी धरा. चार शीट ६० सेंटीमीटर रुंदीला कापा आणि पाचवी ६६ ठेवा. एका शीटवर वीस वर्षं बसतात: १८३० ते ५०, ५० ते ७०, ७० ते ९०, ९० ते १९१०, १९१० ते ३०. पाचव्या शीटवरचे जादा ६ सेंटीमीटर कशाला, ते पुढे कळेल.

जागा काढताना प्रत्येक शीट तिच्या स्वतःच्या डाव्या कडेपासून मोजा. घटनेच्या सालातून शीट सुरू होण्याचं साल वजा करायचं आणि तीनने गुणायचं. सत्यशोधक समाज १८७३ चा, तिसरी शीट १८७० ला सुरू होते, म्हणून तीन त्रिक नऊ सेंटीमीटर. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, पाचवी शीट १९१० ला सुरू होते, म्हणून सतरा त्रिक एक्कावन्न. पट्टीला पट्टी लावत तीन मीटर मोजत गेलात तर दर वेळी मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतात आणि शेवटच्या घटना सगळ्या घसरलेल्या निघतात.

रेषेच्या वर लोक, खाली कायदा

शीटच्या वरच्या कडेपासून ३३ सेंटीमीटरवर पेन्सिलीने आडवी रेघ मारा, आणखी ४ सेंटीमीटर खाली दुसरी. मधला ४ सेंटीमीटरचा पट्टा हीच आपली कालरेषा. त्यात दर ३० सेंटीमीटरवर दशकाचा आकडा लिहायचा आणि दशकं आलटून पालटून फिक्या पिवळ्या व पांढऱ्या रंगात ठेवायची. वर्षावर्षाच्या बारीक खुणाही करा, पण त्यांवर आकडे नकोत.

माझ्या मते सगळ्या तक्त्यातला महत्त्वाचा निर्णय यापुढचा आहे. पट्ट्याच्या वर लोकांनी केलेल्या गोष्टी जातील: शाळा, वर्तमानपत्र, निबंध, लग्न, सत्याग्रह. खाली सरकारने, संस्थानाने किंवा कायदेमंडळाने केलेल्या गोष्टी: कायदे, हुकूम, ठराव. असे दोन मजले केले की तक्ता बोलू लागतो. कायदा आधी आला की माणसं आधी पोचली, हे शब्दाविना दिसतं.

उदाहरण विधवाविवाहाचं घ्या. परवानगी देणारा कायदा १८५६ चा. विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळींनी मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग विनायक करमरकर यांचं लग्न लावलं ते १८६९ साली. दोन खुणांमधलं अंतर ३९ सेंटीमीटर भरतं. तिनाने भागा, तेरा वर्षं. कायदा असूनही उच्चवर्णीय घरात असं लग्न लावायला इतका अवधी लागला आणि लावणाऱ्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. (अनेक जातींत पाटाची रीत आधीपासून होती. हा प्रश्न मुख्यतः वरच्या म्हणवणाऱ्या जातींचा होता, हे वर्गात आवर्जून सांगा, नाहीतर मुलांना वाटतं की सगळ्या महाराष्ट्रात एकच चाल होती.)

दुसरं उदाहरण पाण्याचं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचं १९२४ मध्ये ठरवलंही. पण प्रत्यक्ष त्या तळ्याचं पाणी लोक प्यायले ते २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत मोर्चाने जाऊन. १९२३ ते १९२७, बारा सेंटीमीटर.

प्रत्येक घटनेचं एक छोटं कार्ड करायचं, त्याला पत्ता म्हणू. या दोन जोड्यांमध्ये, म्हणजे खालच्या पत्त्यापासून वरच्या पत्त्यापर्यंत, लाल लोकरीचा धागा लावा. दोनच धागे पुरेत. चौथा-पाचवा धागा आला की जाळं होतं आणि कुणीच त्याचा माग काढत नाही.

एक धागा मात्र मुलं हमखास मागतील आणि तो द्यायचा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं वय दहावरून बारा केलं, १९२९ च्या सारडा कायद्याने लग्नासाठी मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा ठरवलं. 'बाराचे चौदा व्हायला अडतीस वर्षं लागली!' असं वाटतं खरं, पण पहिला कायदा शरीरसंबंधाच्या वयाचा आहे आणि दुसरा लग्नाच्या. वेगळ्या गोष्टींची वयं एका धाग्यात ओवली तर वर्गात चुकीचं गणित मांडलं जाईल. सातवीच्या वर्गात १८९१ चा कायदा 'बालविवाहित मुलीच्या संरक्षणाचा कायदा' एवढ्यावर भागवता येतो.

एकोणीस पत्ते

घटना निवडताना हात आवरा. तीन मीटरवर पस्तीस-चाळीस घटना बसवता येतात, पण मग चित्रं बोटभर होतात आणि तक्ता माहितीफलक बनतो. खालची निवड एकोणीसची आहे, वर तेरा आणि खाली सहा. प्रत्येक पत्त्यावर साल, एक चित्र आणि जास्तीत जास्त तीन शब्द.

वरचा मजला:

१८३२, 'दर्पण', मुंबई: मधोमध रेघ असलेला वर्तमानपत्राचा कागद
१८४८, मुलींची शाळा, पुणे: पाटी
१८५५, मुक्ता साळवेचा निबंध: बोरू आणि कागद
१८६३, बालहत्या प्रतिबंधक गृह: पाळणा
१८६९, विधवेचं लग्न, मुंबई: मुंडावळ्या
१८७३, सत्यशोधक समाज: अंतरपाट
१८८२, ताराबाई शिंदे, 'स्त्रीपुरुषतुलना': तराजू
१८९०, गिरणीला रविवारची सुट्टी: धुरांडं, शेजारी लाल चौकोन
१९००, हिंगण्याचा आश्रम: झोपडी
१९१९, रयत शिक्षण संस्था: वड
१९२०, 'मूकनायक': वर्तमानपत्राचा कागद
१९२७, चवदार तळे, महाड: ओंजळ
१९३०, काळाराम मंदिर, नाशिक: बंद दरवाजा

खालचा मजला:

१८५६, विधवाविवाह कायदा: शिक्का मारलेला कागद
१८९१, संमतिवय कायदा: मोठा आकडा '१२'
१९०२, राखीव जागा, कोल्हापूर: अर्धं रंगवलेलं वर्तुळ
१९१७, सक्तीचं शिक्षण, कोल्हापूर: शाळेची घंटा
१९२३, बोले ठराव: विहीर
१९२९, सारडा कायदा: मोठा आकडा '१४'

कोल्हापूरच्या दोन पत्त्यांना वेगळ्या रंगाची किनार द्या. ते शाहू महाराजांच्या संस्थानाचे निर्णय आहेत, इंग्रज सरकारचे नव्हेत. किनार नसेल तर सगळा महाराष्ट्र एकाच राज्याखाली होता असा समज होतो. १९०२ च्या हुकुमाने संस्थानातल्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, म्हणून अर्धं वर्तुळ.

शब्द कसे छाटायचे

पत्ता ९ सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच घ्या. वर २ सेंटीमीटर सालासाठी, मधे ६ बाय ६ चं चित्र, खाली ४ सेंटीमीटर शब्दांच्या दोन ओळींसाठी. वेलांटी, मात्रा, रफार यांना वर जागा लागते आणि उकार-ऋकारांना खाली, म्हणून अक्षराचं अंग १ सेंटीमीटरचं काढलं तरी ओळ २ सेंटीमीटर खाते. त्या मापात एका ओळीत आठ-नऊ अक्षरं मावतात. तीन शब्दांची मर्यादा याच हिशेबाची आहे.

पहिल्या खर्ड्यात सगळेजण असं लिहितात: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाड येथे चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.' यातून क्रियापद काढा, 'येथे' काढा, 'यांच्या नेतृत्वाखाली' काढा. उरलं 'चवदार तळे' आणि दुसऱ्या ओळीत 'महाड'. साल वर आहेच, पाणी प्यायल्याचं ओंजळ सांगते.

नावांचा प्रश्न नाजूक आहे. नाव लिहिलं की पदवी आली, महात्मा, महर्षी, कर्मवीर, आणि पदवी गाळली की कुणीतरी मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत जातं. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे पत्त्यावर माणसाऐवजी काम आणि गाव लिहिणं. पूर्ण नावं, पदव्यांसकट, शेजारी टांगलेल्या वहीत: साल, घटना, माणसं, चार ओळी. याचा एक चांगला परिणाम असा की वरच्या मजल्यावर नाव घेऊन उरतात त्या मुक्ता साळवे आणि ताराबाई शिंदे, कारण त्यांचं काम म्हणजे त्यांचं स्वतःचं लिखाण. मुक्ता फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती आणि तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तुमच्या वर्गातल्या मुली साधारण त्याच वयाच्या असतील.

'पहिला', 'पहिली', 'आद्य' हे शब्द पत्त्यावर येऊ देऊ नका. १८४८ च्या शाळेला सगळीकडे 'मुलींची पहिली शाळा' लिहिलेलं असतं. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत त्याआधीच मुलींच्या शाळा काढल्या होत्या. फुले दांपत्याच्या शाळेचं मोल भारतीय माणसांनी, सनातन्यांचा विरोध सोसून, पुण्यात ती चालवली यात आहे, आणि ते तीन शब्दांत येत नाही. मग निदान चुकीचं तरी नको. 'मुलींची शाळा, पुणे' एवढं पुष्कळ झालं.

चित्र: चेहरा नको, वस्तू हवी

सहा सेंटीमीटरच्या चौकोनात दोन पगडीवाले गृहस्थ शेजारी ठेवले तर मधल्या बाकावरून कोण रानडे आणि कोण आगरकर हे सांगता येत नाही. वस्तू मात्र ओळखू येते. पाळणा, ओंजळ, तराजू, घंटा, झोपडी दुरूनही चुकत नाहीत, आणि त्या मुलांना स्वतःला काढता येतात. नेटवरून छापलेले फोटो एक काळा, एक तपकिरी, एक रंगीत असे येतात आणि तक्ता गोधडीसारखा दिसतो. एकाच जाडीच्या काळ्या मार्करने काढलेली रेखाचित्रं आणि प्रत्येक पत्त्यावर एकच रंग, एवढं पाळा.

वस्तू निवडताना साल तपासा. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला, पण हिंगण्याच्या माळावरची झोपडी १९०० ची. झोपडी काढायची असेल तर पत्ता १९०० वर लागला पाहिजे, आणि १८९६ लिहायचं असेल तर झोपडी काढता येणार नाही. वरच्या यादीत १९०० ठेवलं ते यासाठीच. चित्र आणि साल वेगवेगळ्या घटनांचे असणं ही अशा तक्त्यांतली नेहमीची चूक आहे आणि ती पकडायची युक्ती सोपी: 'हे चित्र त्या वर्षी कुठे होतं?' असं प्रत्येक पत्त्याला विचारायचं.

काही घटनांना वस्तूच नसते. संस्था स्थापन झाली म्हणजे काही माणसं एकत्र बसली, त्याचं चित्र काय काढणार? तिथे संस्थेने काय केलं ते पाहा. सत्यशोधक समाजाने भटजीला न बोलावता लग्नं लावली, म्हणून अंतरपाट. रयत शिक्षण संस्था काले गावात निघाली, वटवृक्ष तिच्या बोधचिन्हातच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी मिळवलेली आठवड्याची सुट्टी दाखवायला कॅलेंडरातला लाल रविवार पुरतो, फक्त तो गिरणीचा आहे हे कळायला शेजारी धुरांडं हवं.

'दर्पण' आणि 'मूकनायक' यांना मुद्दाम जवळजवळ सारखंच चित्र दिलं आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई, म्हणून त्या कागदाच्या मधोमध उभी रेघ. 'मूकनायक' मराठी, म्हणून रेघ नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अंतराने तीच वस्तू दुसऱ्या हातात गेलेली मुलांना दिसते.

कायद्यांना आकड्याचं चित्र चालतं. १२ आणि १४ हे आकडे चित्राच्या चौकोनात ठसठशीत काढले की ते काय आहेत असा प्रश्न आपोआप येतो.

गर्दी झाली की

उंचीची मांडणी अशी ठेवा. वरचे ५ सेंटीमीटर मथळ्याला. त्याखाली ६ ते १८ सेंटीमीटर ही लांबची रांग, १९ ते ३१ ही जवळची रांग, मग पट्टा, आणि ४० ते ५२ ही खालच्या मजल्याची रांग. पत्ता आधी जवळच्या रांगेत बसवायचा, जागा नसेल तरच लांबच्या रांगेत. पत्त्यापासून पट्ट्यावरच्या नेमक्या सालापर्यंत काळ्या दोऱ्याची उभी रेघ.

पत्ता डावीकडे-उजवीकडे सरकू शकतो, दोरा सरकत नाही. हा नियम पाळला की सगळ्या अडचणी सुटतात. १९१९ आणि १९२० पाचव्या शीटवर २७ आणि ३० सेंटीमीटरवर येतात, मधे तीनच सेंटीमीटर. १९१९ चा पत्ता जवळच्या रांगेत, दोऱ्याच्या डाव्या बाजूला लटकवा, म्हणजे तो १८ ते २७ सेंटीमीटरची जागा घेईल. १९२० चा पत्ता लांबच्या रांगेत जाईल आणि त्याचा दोरा ३० वरून मोकळा खाली उतरेल, कुठल्याच पत्त्यामागे जाणार नाही. १९२७ जवळच्या रांगेत, १९३० लांबच्या. १९३० चा दोरा बरोबर ६० सेंटीमीटरवर पडतो आणि पत्ता त्याच्या उजवीकडे साडेचार सेंटीमीटर बाहेर येतो. शेवटच्या शीटला ६ सेंटीमीटर जास्त ठेवले ते याला.

१८९० ची गंमत वेगळी. ते साल तिसऱ्या आणि चौथ्या शीटच्या सांध्यावरच येतं. पत्ता मधोमध लावला तर शीट वेगळ्या करताना फाटेल. तो डावीकडे, तिसऱ्या शीटवर लटकवा. १८९१ चा खालचा पत्ता उजवीकडे सरकवा, आणि १८६९ चाही असाच डावीकडे घ्या, तोही सांध्यापासून तीनच सेंटीमीटरवर आहे.

मोकळ्या जागांना हात लावू नका. १८३२ ते १८४८ वरच्या मजल्यावर ४८ सेंटीमीटर काहीच नाही. पाहुणे येणार म्हणून तिथे फुलांची नक्षी काढायचा मोह होतो. ती जागा रिकामी असण्याला अर्थ आहे: शाळा, छापखाना, वाचणारी पिढी तयार व्हायला वेळ लागत होता. पण प्रत्येक रिकामी जागा इतिहासाची नसते, काही आपल्या निवडीच्या असतात. १९०० ते १९१९ वर ५७ सेंटीमीटर मोकळे दिसतात, आणि त्याच काळात विठ्ठल रामजी शिंदे यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन (१९०६) निघालं, पुण्याची सेवासदन संस्था (१९०९) उभी राहिली. ती आपण घेतली नाहीत एवढंच. हा फरक मुलांना सांगायलाच हवा.

त्यासाठीच लांबची रांग जवळपास मोकळी राहिलेली आहे. प्रत्येक शीटवर तिथे एक पत्ता मुलांना ठरवू द्या, एकच. चौथ्या शीटवर शिंदे की सेवासदन यावर वर्गात वाद होईल, तिसऱ्यावर बहुतेक आनंदीबाई जोशी (१८८६ ची डॉक्टरकी) जिंकतील. पत्ता लावायची अट: साल सिद्ध करायचं, वस्तू शोधायची, तीन शब्दांत लिहायचं.

चिकटवणं आणि टांगणं

शीट एकमेकींवर चढवून चिकटवू नका. सेंटीमीटरभर जरी एकावर एक गेली तरी सांध्यापाशी चार महिने गायब होतात. कडेला कड भिडवून मागून ५ सेंटीमीटर रुंदीची कागदाची पट्टी लावा. पत्ते पूर्ण चिकटवण्याऐवजी फक्त वरच्या कडेला दुहेरी टेपचा तुकडा लावला तर साल चुकलेलं निघाल्यावर पत्ता काढून सरकवता येतो. दोऱ्याची टोकं फेविकॉलच्या थेंबाने बसतात, पण ताण देऊ नका, पावसाळ्यात कागद फुगला की शीट चुणते.

खालची कड जमिनीपासून १ मीटरवर ठेवा. मग पट्टा साधारण १२० सेंटीमीटरवर येतो आणि मुलांना पट्टी लावून मोजता येतं. फळ्याच्या वर टांगलेली कालरेषा शोभेची, तिच्यावर काम होत नाही. चुन्याच्या भिंतीला टेप धरत नाही, दोन दिवसांत पोपड्यासकट खाली येते. तिथे वरच्या कडेला मागून लाकडी पट्टी लावून ती खिळ्यांवर टेकवा. पंख्याचा वारा खालचे कोपरे उचलतो, त्यांना एकेक टेप हवाच. लॅमिनेशन टाळा. खिडकीसमोर चकाकी येऊन अर्धा तक्ता दिसेनासा होतो, आणि पत्ते बदलताही येत नाहीत.

टांगल्यावर शेवटच्या बाकावर जाऊन बसा. तिथून सालं वाचता आली पाहिजेत. मधल्या बाकावरून चित्रं ओळखू आली पाहिजेत. शब्द जवळ गेल्यावर वाचले तरी चालतील. सालं दिसत नसतील तर आकडे मोठे करण्याआधी जाड करून पाहा. बहुतेक वेळा बारीक निबेचा मार्कर हेच कारण असतं, आणि निळ्यापेक्षा काळी शाई दुरून जास्त उठते.

मग न सांगता एका मुलाला पट्टी देऊन विचारा, 'विहिरीपासून ओंजळीपर्यंत किती वर्षं?' त्याने विहीर आणि ओंजळ शोधून, दोरे जिथे पट्ट्याला टेकतात तिथून बारा सेंटीमीटर मोजून 'चार' म्हटलं, तर मांडणी बरोबर आहे. त्याने पत्त्याच्या कडेपासून मोजलं तर दोरे ठळक नाहीत, जाड दोरा घ्या. हुशार मूल पुढे विचारेल की महाडचं पुढे काय झालं. तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाली लागला. तो शीटच्या कडेपलीकडे येतो, १९३० च्या खुणेपासून २१ सेंटीमीटरवर, भिंतीवरच. खालच्या मजल्याच्या उंचीला तिथे एक पत्ता सुटा लावायला हरकत नाही.